जर्मन भाषेतील संख्यावाचन

जर्मन भाषेत संख्या, किमती, दूरध्वनी क्रमांक, तारखा आणि सनावळी मोठ्याने वाचण्याची पद्धत. तिचा गाभा एका नियमात आहे: २१ ते ९९ या संख्यांत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारले जाते. ५४ म्हणजे 'फिअर-उंट-फ्युन्फत्सिश', शब्दशः 'चार आणि पन्नास'. शून्य ते बारा हे स्वतंत्र शब्द आहेत, तेरापासून एकोणिसापर्यंत शेवटी 'त्सेन' लागते आणि दशकांच्या शेवटी 'त्सिश' येते. ३० मात्र 'ड्रायसिश' होते. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात या शेवटच्या 'इश'चा उच्चार बहुधा 'इक' असा ऐकू येतो. सोळा 'झेशत्सेन' आणि सतरा 'झीप्त्सेन' यांत मूळ 'झेक्स' व 'झीबेन' आखूड होतात; साठ आणि सत्तरमध्येही तसेच होते.

मराठी माणसाला हा उलटा क्रम परका नाही. चोपन्नमध्येही 'चौ' आधी आणि पन्नास नंतर आहे. फरक असा की मराठीत दोन्ही भाग वितळून एक शब्द झाला आहे, तर जर्मनमध्ये 'उंट' हा सांधा स्पष्ट ऐकू येतो. त्यामुळे मराठीप्रमाणे शंभरपर्यंतची प्रत्येक संख्या वेगळी पाठ करावी लागत नाही. खरी अडचण 'एकोण'ची आहे. मराठीत ७९ म्हणजे एकोणऐंशी, म्हणजे मनात आधी ऐंशी उभे राहते. जर्मनमध्ये ते सरळ 'नॉइन-उंट-झीप्त्सिश', नऊ आणि सत्तर. मराठीत विचार करून बोलताना इथे 'आख्त्सिश' तोंडी येऊ शकते, आणि मग ७९ चे ८९ होतात. २९, ३९, ४९ या संख्यांचा सराव म्हणून वेगळा करावा.

या क्रमाचा सर्वांत जास्त त्रास दूरध्वनी क्रमांक उतरवून घेताना होतो. बर्लिनचा ०३० २३१२५ ४७८ हा क्रमांक घेऊ. (चित्रपट व मालिकांसाठी राखून ठेवलेल्या क्रमांकांपैकी हा एक आहे.) अनेक जर्मन माणसे पुढचे आठ अंक जोड्यांनी सांगतात: 'ड्राय-उंट-त्स्वान्त्सिश, त्स्व्योल्फ, फिअर-उंट-फ्युन्फत्सिश, आख्ट-उंट-झीप्त्सिश', म्हणजे २३, १२, ५४, ७८. ऐकणाऱ्याने कानावर पडेल तसे लिहिले तर कागदावर ३२ १२ ४५ ८७ येते. बारा तेवढा वाचतो, कारण तो अखंड शब्द आहे. म्हणून एकक ऐकताच एका अंकाची जागा मोकळी सोडून ते उजवीकडे लिहावे आणि दशक आले की डावीकडची जागा भरावी. फोनच्या कळा दाबताना ही सोय नसते. तिथे पूर्ण जोडी ऐकून होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही.

स्वतः सांगताना एकेक अंक सुटा सांगणे सर्वांत सुरक्षित: 'नुल ड्राय नुल', मग थोडे थांबून 'त्स्वो ड्राय आइन्स त्स्वो फ्युन्फ', पुन्हा थांबून 'फिअर झीबेन आख्ट'. इथे दोनसाठी 'त्स्वाय' ऐवजी 'त्स्वो' म्हटले आहे. 'त्स्वाय' आणि 'ड्राय' फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून दोनचे हे जुने रूप अशा वेळी मुद्दाम वापरतात. समोरचा भराभर जोड्या सांगू लागला तर सुटे अंक सांगण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही. भारतातून लावताना सुरुवातीचे शून्य गळते आणि त्याच्या जागी +४९ येते. छापील पत्त्यावर +४९ (०) ३० असे दिसले, तरी कंसातले ते शून्य परदेशातून दाबायचे नसते.

किमतींमध्ये चिन्हांची अदलाबदल आधी लक्षात घ्यावी. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजार वेगळे दाखवण्यासाठी टिंब किंवा मोकळी जागा वापरतात. खोलीचे भाडे १.२५० युरो लिहिले असेल तर ते साडेबाराशे युरो आहे, सव्वा युरो नव्हे. १७,८५ युरो ही रक्कम 'झीप्त्सेन ऑइरो फ्युन्फ-उंट-आख्त्सिश' अशी वाचतात: चलनाचे नाव स्वल्पविरामाच्या जागी येते, मध्ये 'आणि' नसते आणि शेवटी 'सेंट' म्हणायची गरज नसते. गल्ल्यावर तर 'ऑइरो'ही गळतो आणि 'झीप्त्सेन फ्युन्फ-उंट-आख्त्सिश' एवढेच ऐकू येते. एक युरोपेक्षा कमी रकमेत मात्र सेंट म्हणावेच लागते. 'ऑइरो' शब्दापूर्वी एकचे रूप 'आइन' होते, 'आइन्स' नव्हे. पण दीड युरोला चलन गाळून 'आइन्स फ्युन्फत्सिश' म्हणतात. कान सर्वांत जास्त फसतो तो 'फ्युन्फत्सेन' आणि 'फ्युन्फत्सिश' यांत. दोन्हींचा आघात पहिल्या अक्षरावर असल्याने १५ की ५० हे शब्दाच्या शेपटावरूनच ओळखावे लागते.

मोठ्या रकमांत लाख-कोटी नसतात. गट तीन-तीन अंकांचे असतात आणि एकक-दशकाची उलटापालट प्रत्येक गटात पुन्हा होते. सव्वा लाख म्हणजे 'हुंडर्ट-फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश-टाउझेंट'. दहा लाख म्हणजे 'मिलिओन', शंभर कोटी म्हणजे 'मिलिआर्डे'. जर्मन 'बिलिओन' त्याच्याही हजारपट, म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी बातमीतला बिलियन तिथे चालत नाही.

हा उलटा क्रम बदलण्याचे प्रयत्नही झाले. नॉर्वेने १९५१ साली दशक आधी म्हणण्याची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली आणि त्यामागे दूरध्वनी क्रमांकांची सोय हे एक मोठे कारण होते. जर्मनीत बोखुम येथे २००४ साली गणितज्ञ लोथार गेरिट्झेन यांच्या पुढाकाराने 'त्स्वान्त्सिश-आइन्स' ही संस्था निघाली. तिच्या नावाचाच अर्थ 'वीस एक' असा आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी मांडणी आली, तेव्हा महाराष्ट्रात झालेला वाद याच प्रश्नावरचा होता. जर्मन व्यवहारात मात्र जुनाच क्रम टिकून आहे.

सनांचे वाचन ११०० ते १९९९ या काळासाठी शेकड्यांत होते. १९८९ म्हणजे 'नॉइनत्सेन-हुंडर्ट-नॉइन-उंट-आख्त्सिश', आणि यातला 'हुंडर्ट' गाळून चालत नाही. १०६६ हजारात वाचतात आणि २००० पासून पुन्हा हजारच येतो: २०२४ म्हणजे 'त्स्वायटाउझेंट-फिअर-उंट-त्स्वान्त्सिश'. सनाआधी 'इन' लावणे ही इंग्रजीतून येणारी चूक आहे. नुसता सन म्हणावा, किंवा 'इम यार' म्हणजे 'साली' असे जोडावे.

तारखेत दिवस, महिना, वर्ष हा आपल्याकडचाच क्रम असतो. आकड्यामागचे टिंब क्रमवाचक असते, म्हणजे '३.' हे तीन नसून तिसरा. ३.१०.१९९० हा जर्मन एकीकरणाचा दिवस 'डेअर ड्रिटे त्सेन्टे' असा वाचतात: तिसरा, दहावा. 'त्या दिवशी' म्हणायचे तर 'आम ड्रिटेन ऑक्टोबर'. एकोणिसापर्यंत 'टे' आणि विसापासून पुढे 'स्टे' हा प्रत्यय लागतो; पहिला 'एर्स्टे', तिसरा 'ड्रिटे', सातवा 'झीप्टे' आणि आठवा 'आख्टे' एवढी रूपे वेगळी पाठ करावीत. फोनवर 'यूनी' आणि 'यूली' यांत घोटाळा होऊ नये म्हणून जूनला 'यूनो' आणि जुलैला 'यूलाय' म्हणतात.