दुधाचा चहा, रिकामं पोट आणि भूल

सकाळी 9 वाजता हर्नियाचं ऑपरेशन. पेशंट 58 वर्षांचे काका. भूलतज्ज्ञ विचारतात, “रात्रीपासून काही खाल्लंत?” “छे, कडक उपास! सहाला फक्त अर्धा कप चहा घेतला.” झालं, ऑपरेशन दुपारी बारावर गेलं.

जागेपणी चुकून घास श्वासनलिकेकडे गेला तर ठसका लागतो. पूर्ण भुलेत हा ठसकाच बंद पडतो आणि जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूही सैल होतो. मग पोटातलं आम्ल नि अन्न घशात येऊन थेट फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमधले असे 66 प्रसंग नोंदवले. उपाशी ठेवण्याच्या शिस्तीला त्यातून बळ मिळालं.

साधं पाणी जठरातून भराभर पुढे सरकतं, म्हणून मोठ्या माणसांना ते सहसा 2 तास आधीपर्यंत चालतं. बिनदुधाचा चहाही चालतो. दूध मात्र पोटात गेल्यावर फाटतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या अन्नासारख्याच रेंगाळतात. त्यामुळे दुधाचा चहा आणि हलका नाश्ता यांना 6 तास, तर मटण किंवा तळलेल्या पदार्थांना 8 तास. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेणं बहुतेकांना गरजेचं नसतं. त्याने उगाच घशाला कोरड पडते.

काकांचा मुद्दा होता, “मला तर मणक्यात इंजेक्शन देणार, मी जागाच राहणार ना?” खरं आहे, त्यात कमरेखालचाच भाग बधिर होतो. हातासाठी नुसत्या हाताच्या नसा बधिर करता येतात, लहानशी गाठ काढायला तेवढीच जागा. पण मणक्यातली भूल कधी अपुरी पडते, कधी ऑपरेशन लांबतं आणि पूर्ण भूल द्यावी लागते. पोट रिकामं हवं ते त्यासाठी.

काकांच्या पिशवीत आणखी एक घोळ निघाला असता, पण तो आठवडाभर आधीच्या तपासणीत सापडला. त्यांना जुना स्टेंट आहे आणि रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे. रक्त पातळ असताना मणक्यात सुई घातली, तर तिथे रक्त साकळून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. म्हणून ही गोळी साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात. मात्र परस्पर थांबवली तर स्टेंटच तुंबायची भीती. ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरतं.

मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन सहसा 3 दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तातलं आम्ल वाढू शकतं आणि साखर जेमतेम वाढलेली असल्याने ते लक्षातही येत नाही. वजन कमी करायचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन जठर रिकामं व्हायला वेळ लावतं; ते घेत असाल तर 6 तासांचा हिशेबही पुरेसा ठरेलच असं नाही. याउलट थायरॉइडची गोळी आणि हृदयाचे ठोके आवरणारी मेटोप्रोलोलसारखी औषधं सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

लोक लपवतात ते वेगळंच: दारू, तंबाखू, ‘ताकदीची’ म्हणून घेतलेली पुडी. अशा पुडीत कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्महिने पोटात गेलेलं असेल, तर ऑपरेशनच्या ताणात शरीराला स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवता येत नाही आणि रक्तदाब कोसळू शकतो. आधी कळलं तर भूलतज्ज्ञ ते इंजेक्शनमधून देतात.