पानावरचा अदृश्य चौकोन

माझी भाची पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीसाठी पाठवायचा पोर्टफोलिओ तिनं पीडीएफमध्ये तयार केला. पानं 24, ए-फोर आडवी. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून प्रत्येक पानाच्या तळाशी पाच बटणांची एक पट्टी: परिचय, वाडा, नदीकाठ, घरं, संपर्क. 'वाडा' दाबलं की कसबा पेठेतल्या वाड्याच्या मोजणीची रेखाटनं समोर, 'नदीकाठ' दाबलं की मुठेकाठचा प्रकल्प. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालत होतं. मग ती फाइल तिनं वडिलांच्या फोनवर पाठवली. तिथे पट्टी दिसत होती, पण कितीही दाबली तरी पान जागचं हलत नव्हतं.

"मावशी, फाइल तीच आहे गं. मग बटणं कुठे गेली?" तिनं विचारलं. मी ब्रोशर आणि माहितीपत्रकांची मांडणी करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. त्याचं उत्तर कळायचं तर पीडीएफमध्ये बटण म्हणजे नेमकं काय असतं, ते आधी बघायला हवं.

आपल्याला पट्टीवर 'वाडा' असा शब्द आणि त्यामागचा रंग दिसतो. हे दोन्ही म्हणजे नुसतं चित्र, छापील कागदावर असतं तसंच. दाबण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. दाबलं जातं ते त्या चित्रावर अंथरलेलं एक वेगळंच अदृश्य आयत. पानाचा मजकूर फाइलमध्ये एका जागी असतो आणि या आयताची नोंद दुसऱ्या जागी. फाइल उघडणारं ॲप आधी पान रंगवतं आणि मग नोंद वाचून ठरवतं की या चौकटीत बोट पडलं तर कुठे जायचं. फाइलमधली अशी एक नोंद साधारण अशी दिसते:

```
17 0 obj
<< /Type /Annot
   /Subtype /Link
   /Rect [119 0 238 72]
   /Border [0 0 0]
   /Dest [31 0 R /Fit]
>>
endobj
```

`/Rect` मधले चार आकडे म्हणजे आयताचे दोन समोरासमोरचे कोपरे. मोजमाप पॉइंटमध्ये असतं आणि 72 पॉइंट म्हणजे एक इंच. मोजायला सुरुवात पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून होते, शाळेत आलेखाच्या कागदावर करायचो तशी. वरचं आयत डावीकडून 119 पॉइंटवर सुरू होतं, 238 वर संपतं आणि पानाच्या तळापासून 72 पॉइंट, म्हणजे एक इंच उंच आहे. `/Border` मधल्या तीन शून्यांमुळे त्याभोवती रेघ उमटत नाही.

`/Dest` म्हणजे मुक्काम. 31 हा पान क्रमांक असावा असं वाटतं, पण तो पान क्रमांक नाही. फाइलमधल्या प्रत्येक वस्तूला एक आतला क्रमांक दिलेला असतो आणि 31 ही वस्तू म्हणजे वाड्याचं पान. दुवा 'सहावं पान' असं म्हणत नाही, 'ते पान' म्हणतो. पेठेत आपण पत्ता सांगतो तसंच हे: घर क्रमांक न सांगता चिमण्या गणपतीजवळचा अमुक वाडा म्हणायचं. घरांचे क्रमांक बदलले तरी माणूस बरोबर पोचतो. म्हणून ॲक्रोबॅटसारख्या संपादकात तयार पीडीएफच्या मध्ये दोन पानं घातली तरी हे दुवे चुकत नाहीत. मात्र वाड्याचंच पान काढून टाकलं, तर दुवा तसाच राहतो आणि दाबल्यावर काहीच होत नाही. वाडाच पाडला, तर खुणेचा काय उपयोग?

पानानंतरचा `/Fit` हा शब्द सांगतो की पोचल्यावर पूर्ण पान पडद्यात बसवून दाखव. त्याऐवजी `/XYZ` वापरून नेमकी जागा आणि मोठेपणा ठरवता येतो. मोठेपणाच्या जागी `null` लिहिलं तर वाचक ज्या झूमवर होता तोच कायम राहतो. लांबलचक अहवालात ते सोयीचं असतं. पोर्टफोलिओत मात्र रेखाटनाचा कोपरा मोठा करून बघणाऱ्यानं 'नदीकाठ' दाबलं की तो त्या पानाच्या एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन पडतो आणि फाइल बिघडली आहे असं त्याला वाटतं. म्हणून अशा कामात मी नेहमी पूर्ण पान दाखवणाराच पर्याय घेते. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो `Fit in Window` या नावानं दिसतो.

आता वडिलांच्या फोनकडे येऊ. भाचीनं पट्टी इनडिझाइनच्या `Buttons and Forms` या पॅनेलमधून केली होती. नाव बटणाचं, तेव्हा तिथेच करायचं हे कुणालाही स्वाभाविक वाटेल. पण पीडीएफमध्ये गेल्यावर त्या बटणाची नोंद `/Link` अशी होत नाही, `/Widget` अशी होते. विजेट म्हणजे फॉर्ममधला घटक, नाव भरायच्या रकान्याच्या किंवा टिक करायच्या चौकटीच्या जातीचा. संगणकावरचं पूर्ण क्षमतेचं ॲप फॉर्म समजून घेतं आणि बटणाला जोडलेली क्रिया चालवतं. फोनवरची बरीच हलकी ॲप साधा दुवा ओळखतात, फॉर्मच्या घटकांचं मात्र फक्त चित्र रंगवून पुढे जातात. पट्टी दिसत होती आणि दबत नव्हती, ती यामुळे. बटणाला रंग बदलणं, काही लपवणं-दाखवणं असली कामं देता येतात, पण फक्त उडी मारायची असेल तर साधा दुवाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. पट्टी मूळ पानावर, म्हणजे जिथलं सगळं बाकीच्या पानांवर आपोआप उमटतं त्या इनडिझाइनच्या `Parent Page` वर होती. तिथली पाचही बटणं आम्ही साध्या चौकटी केल्या आणि `Hyperlinks` पॅनेलमधून प्रत्येकीला तिच्या विभागाच्या पहिल्या पानाशी जोडलं, `Fit in Window` निवडून.   फाइल छपाईच्या प्रकारानं बाहेर काढणार असाल, तर `Adobe PDF (Print)` च्या खिडकीत `Hyperlinks` वर टिक आहे ना, एवढं पाहावं लागतं. ती नसली तर सुंदर छापील पान मिळतं आणि एकही दुवा मिळत नाही.

नवी फाइल फोनवर गेली आणि दुवे चालले. चालले, पण वडिलांना तीन-तीनदा दाबावं लागत होतं, आणि अधूनमधून पान नुसतंच सरकत होतं. मी मोजपट्टी आणून फोनच्या पडद्यावर ठेवली.

उभ्या धरलेल्या त्या फोनच्या पडद्याची रुंदी 68 मिलिमीटर भरली. आडवं ए-फोर 297 मिलिमीटर रुंद. म्हणजे पान फोनवर चौपटीहून जास्त आक्रसतं. तिची पट्टी 36 पॉइंट, म्हणजे अर्धा इंच उंच होती. कागदावरचे हे पावणेतेरा मिलिमीटर फोनवर जेमतेम तीन उरतात. बोटाचं टोक काचेवर टेकतं तेव्हा त्याहून बरीच मोठी जागा व्यापतं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत दाबायच्या जागेसाठी सुमारे 9 मिलिमीटरचं माप धरलेलं आहे. दुव्याच्या बाहेर पडलेलं बोट म्हणजे ॲपच्या दृष्टीनं पान सरकवणारं बोट, म्हणून पान हलत होतं.

ए-फोरवरच राहून फोनवर आठ-नऊ मिलिमीटर मिळवायचे, तर पट्टी शंभराहून जास्त पॉइंट उंच करावी लागली असती. पान 595 पॉइंट उंच, त्यातला सहावा हिस्सा पट्टीनंच खाल्ला असता. त्या रेखाटनांवर तिनं महिनोन् महिने घालवले आहेत, ती जागा बटणांना देणं तिलाही पटलं नाही आणि मलाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पानाचं माप आडव्या ए-फाइव्हवर आणलं, 210 मिलिमीटर रुंद. दोन्ही मापांचं लांबी-रुंदीचं प्रमाण एकच असल्यामुळे कुणाला ए-फोरवर छापायचं झालं तरी मांडणी बिघडत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. दाबायचं आयत चित्रापेक्षा वेगळं असतं, तर ते चित्राएवढंच कशाला हवं? रंगीत पट्टी 36 पॉइंटच ठेवली आणि तिच्यावर विनारंगाची, विनारेघेची 72 पॉइंट उंच चौकट ठेवून दुवा त्या चौकटीला दिला. चौकटीचा वरचा अर्धा भाग पानाच्या पांढऱ्या समासात जातो. आता हिशोब असा: ए-फाइव्हची रुंदी 595 पॉइंट, पाच बटणं, प्रत्येकी 119. दुसरं बटण 119 पासून 238 पर्यंत, उंची 0 ते 72. वरच्या नोंदीतले आकडे तेच आहेत. फोनवर ही जागा सुमारे 8 मिलिमीटर उंच आणि साडेतेरा मिलिमीटर रुंद होते. तिथे बोट चुकत नाही. काळजी एवढीच, की त्या समासात दुसरा दुवा येता कामा नये, कारण एकमेकांवर चढलेल्या दोन आयतांपैकी कोणतं दाबलं जाईल हे ॲपगणिक बदलू शकतं.

शेवटी फाइल 10 एमबीच्या आत हवी होती. भाचीनं ती उघडून `Print` मधून पुन्हा पीडीएफ म्हणून साठवली. फाइल हलकी झाली आणि सगळे दुवे गेले. प्रिंटरकडे जातं ते फक्त पानावर दिसणारं. अदृश्य आयत कागदावर उमटत नाही, मग ते नव्या फाइलमध्ये येणार कुठून? काही ऑनलाइन साधनं आकार कमी करताना अख्ख्या पानाचा फोटो करतात, तिथेही हीच गत. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे पानावरचा मजकूर बोटानं निवडून बघायचा. निवडता आला नाही तर पानाचा फोटो झाला आहे. वजन कमी करायचं ते मूळ फाइल बाहेर काढतानाच. चित्रांची घनता 300 वरून 150 पिक्सेल प्रति इंच केली की पिक्सेल एक चतुर्थांश उरतात आणि दुव्यांना धक्का लागत नाही.

पाठवण्याआधी दुवे खरंच आत आहेत का, हे मोजताही येतं. पीडीएफचा आतला भाग सहसा दाबून भरलेला असतो, म्हणून आधी `qpdf` या मोफत साधनानं तो उलगडायचा आणि मग `grep` नं त्यातल्या दुव्यांच्या नोंदी मोजायच्या:

```
qpdf --qdf --object-streams=disable portfolio.pdf ughadi.pdf
grep -a -c "/Subtype /Link" ughadi.pdf
```

किती आकडा यायला हवा, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. 'मूळ पान' ही कल्पना इनडिझाइनची, पीडीएफला ती माहीत नाही, त्यामुळे बाहेर पडताना प्रत्येक पानावर पाचही आयतं नव्यानं लिहिली जातात. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून 22 पानं, प्रत्येकी पाच. छापून काढलेल्या फाइलनं 0 दाखवला होता. नव्या फाइलनं 110 दाखवला. मग भाचीनं ती पुन्हा वडिलांना पाठवली, आणि त्यांनी पहिल्याच दाबण्यात वाडा उघडला.