सल्फाची ॲलर्जी वेगळी, वाढलेलं पोटॅशियम वेगळं

सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम घेऊन त्रास झाला की घरातलं निदान ठरलेलं: ‘सल्फा सोसलं नाही.’ पण या नावांनी मिळणाऱ्या को-ट्रायमोक्सॅझोल या प्रतिजैविकाच्या डीएस, म्हणजे दुप्पट ताकदीच्या गोळीत दोन औषधं असतात, 800 मिलिग्रॅम सल्फामेथॉक्सॅझोल आणि 160 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम. दोघांचे उपद्रव वेगळे.

पुरळ बहुतेकदा सल्फाचं. ते साधारण एक-दोन आठवड्यांत उठतं. आधी कधी उठलेलं असेल तर लवकरही. नुसतं लाल, खाजरं पुरळ असलं तरी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मात्र ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आलं, कातडी खाजण्याऐवजी दुखू लागली किंवा फोड आले, तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा कातडीचा जीवघेणा आजार असू शकतो. गोळी बंद करून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तो झाला असेल तर हे औषध जन्मात पुन्हा नाही.

पोटॅशियम वाढतं ते ट्रायमेथोप्रिममुळे, आणि तिथे अंगावर काहीच दिसत नाही. समजा, 72 वर्षांच्या आजी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन घेतात. या दोन्ही गोळ्या पोटॅशियम अंगात राखून ठेवतात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी त्यात डीएस गोळी आली. ट्रायमेथोप्रिमही मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडू देत नाही. पाचव्या दिवशी पाय गळून जातात; घरचे म्हणतात, दुखण्याचा अशक्तपणा. तपासणीत पोटॅशियम निघतं 6.3. एवढं वाढलं की हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून लगेच ईसीजी लागतो. आधीचा रिपोर्ट नॉर्मल होता, यावर विसंबून उपयोग नाही.

याच रिपोर्टात मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही थोडं वाढलेलं दिसेल. कधी कधी मूत्रपिंडाला इजा न होताही ते वाढतं, कारण ट्रायमेथोप्रिम त्याचं बाहेर पडणं अडवतं. पोटॅशियमच्या आकड्याला मात्र ही सबब लावू नये.

रक्तपेशींच्या बाबतीत दोघं भागीदार. पेशी वाढायला लागणारं फोलेट हे जीवनसत्त्व जंतूंना मिळू न देणारं हे औषध मेथोट्रेक्सेटसोबत घेतलं तर आपल्या अस्थिमज्जेलाही भोवतं: पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, ताप येतो, तोंड येतं, अंगावर काळे-निळे डाग उठतात. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी डॉक्टरांना सांगायची राहून जाते, आणि घात तिथेच होतो. तांबड्या पेशी जपणाऱ्या जी6पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर सल्फामुळे तांबड्या पेशी फुटू शकतात, लघवी गडद होते.

म्हणून पूर्वी सल्फाची रिॲक्शन आलेले, मेथोट्रेक्सेट घेणारे, फोलेटअभावी पांडुरोग झालेले, मूत्रपिंड किंवा यकृत फार बिघडलेले यांनी हे टाळावं. गरोदरपणाचे पहिले तीन महिने आणि शेवटचे आठवडे, तसंच दीड महिन्याखालचं बाळ, इथेही नकोच. पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारावा. तो नसेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पोटॅशियम तपासून घ्यावं. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये.