सपोर्ट इंटरफेस आणि झेड गॅप

फिलामेंट वितळवून थर देणाऱ्या थ्रीडी प्रिंटिंगमध्ये ओव्हरहँगखाली, म्हणजे हवेत अधांतरी येणाऱ्या भागाखाली, जो सपोर्ट उभा करतात त्याच्या माथ्यावरचे दोन-चार दाट लेयर म्हणजे सपोर्ट इंटरफेस, आणि त्या माथ्यापासून मॉडेलच्या तळापर्यंत मुद्दाम मोकळं सोडलेलं उभं अंतर म्हणजे झेड गॅप. सपोर्ट हाताने निघणार की पक्कड लागणार, आणि तो निघाल्यावर खालची बाजू कशी दिसणार, हे मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरतं. रेझिन प्रिंटिंगमधला सपोर्ट वेगळ्या तत्त्वावर चालतो, तो इथे धरलेला नाही.

ही कल्पना मुळात कुणाची याबद्दल एकमत नाही. एक धागा स्कॉट क्रम्प आणि स्ट्रॅटासिसकडे जातो. एफडीएमचं, म्हणजे याच प्रिंटिंगचं, त्यांचं मूळ पेटंट 1992 सालचं, आणि सपोर्ट कसा काढायचा यावरचं त्यांचं वेगळं पेटंट 1996 मधलं, क्रमांक 5,503,785. त्यात मॉडेल आणि सपोर्ट यांच्यामध्ये सहज सुटणाऱ्या वेगळ्या मटेरियलचा पातळ थर द्यायची पद्धत मांडलेली आहे. म्हणजे इंटरफेस आहे, पण सुटणं मटेरियलच्या जोरावर आहे, मोकळ्या जागेच्या नाही. दुसरा धागा एकाच नोझलच्या स्वस्त मशीनचा. तिथे दुसरं मटेरियल नव्हतंच, त्यामुळे सुटायचं काम हवेच्या फटीवर टाकावं लागलं. अलेस्सांद्रो रानेल्लुचीने 2011 च्या सुमारास सुरू केलेल्या Slic3r या स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडून मशीनला सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पुढे ही फट सरळ सेटिंग म्हणून आली, 0.2 मिमी म्हणजे तोडून काढायचा सपोर्ट आणि 0 म्हणजे विरघळणारा, असे दोन पर्याय होते. काहीजण दुसऱ्याला पहिल्याचंच गरीब रूप मानतात. पण यंत्रणा इतकी वेगळी आहे की दोन स्वतंत्र उगम धरणं जास्त पटतं, आणि एकाच सेटिंगमध्ये 0 आणि 0.2 शेजारी बसलेत ते बहुधा त्यामुळेच.

आता फट नेमकी करते काय ते बघू. 0.4 मिमीचं नोझल, 0.2 मिमीचा लेयर, पीएलए फिलामेंट, आणि एका ब्रॅकेटचा सपाट तळ प्लेटपासून 24 मिमी उंचीवर. गॅप 0.2 ठेवला तर सपोर्टचा माथा 23.8 वर संपतो आणि तीन लेयरचा इंटरफेस 23.2 पासून 23.8 पर्यंत येतो. मग मॉडेलचा पहिला लेयर घालताना नोझल 24.2 वर असतं, म्हणजे सपोर्टच्या माथ्यापासून 0.4 वर. एरवी हे अंतर 0.2 असतं आणि नोझल वितळलेल्या फिलामेंटची तार खाली दाबून चपटी करत जातं, इथे तो दाबच नाही, तार थोडी खाली येते, गोलसर राहते, टेकेपर्यंत काहीशी थंड झालेली असते, आणि म्हणून चिकटते पण नीट जुळत नाही. सपोर्ट सुटतो तो याच अर्धवट चिकटण्यामुळे. खालची बाजू थोडी खडबडीत येते तीही यामुळेच, दोन्ही एकाच कारणाची फळं आहेत त्यामुळे एक वाढवून दुसरं टाळता येत नाही.

त्यात स्लायसरचीही भर असते. PrusaSlicer मध्ये Top contact Z distance शून्यापेक्षा जास्त असेल तर मॉडेलचा तो पहिला लेयर ब्रिज, म्हणजे हवेत ताणायचा लेयर, समजून ब्रिजच्या फ्लोने आणि स्पीडने टाकला जातो, शून्य केलं की ते बंद होतं आणि लेयर नेहमीसारखा दाबून बसतो. गॅप 0.2 वरून 0 केल्यावर तळ अचानक गुळगुळीत होतो आणि सपोर्ट अचानक निघेनासा होतो, त्यात या बदलाचाही वाटा असतो, नुसत्या अंतराचा नाही. बरेच जण सगळं श्रेय गॅपलाच देऊन मोकळे होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ लेयर हाइटने होतो. Cura च्या जुन्या आवृत्त्या Support Z Distance लेयर हाइटच्या पटीत वर ओढतात. वरचाच ब्रॅकेट 0.12 च्या लेयरने काढला आणि गॅप 0.2 च ठेवला, तर खरा गॅप 0.24 होतो. माथा 23.76 वर, नोझल 24.12 वर, मध्ये 0.36. तार 0.12 जाडीसाठी सोडलेली आणि तिला तिप्पट जागा मिळाली, 0.2 च्या लेयरला दुप्पटच होती. म्हणून बारीक लेयर घेऊन तळ उलट खराब आला अशी तक्रार येते ती खोटी नसते. गॅप 0.12 केला तर सपोर्ट घट्ट बसायची भीती, त्यामुळे पटीतच अडकलात तर मधली जागाच नाही. ज्या स्लायसरमध्ये सपोर्टची लेयर हाइट मॉडेलपासून वेगळी ठेवता येते तिथे 0.16-0.18 असा मधला गॅप खरंच मिळतो, नव्या Cura मध्येही सगळ्यात वरचा सपोर्ट लेयर अपूर्ण जाडीचा ठेवता येतो. म्हणून आधी लेयर हाइट पक्की करावी आणि मगच गॅपला हात लावावा, शिवाय स्लाइस झाल्यावर प्रिव्ह्यूमध्ये माथ्याचा झेड वाचून खरा गॅप काढावा, बॉक्समध्ये टाइप केलेल्या आकड्यावर विसंबू नये.

इंटरफेसचं काम त्या तारेला टेकायला जवळजवळ आधार देणं. 15 टक्के सपोर्टमध्ये 0.4 रुंदीच्या रेघा साधारण 2.7 मिमी अंतराने येतात, त्यावर सैल तार मध्येच लोंबणार. 33 टक्के इंटरफेसमध्ये हेच अंतर 1.2 मिमी होतं, आणि त्याहून दाट केलं की तळ आणखी सपाट, पण चिकटायचं क्षेत्रफळही तेवढंच वाढतं. दाट इंटरफेस आणि फार छोटा गॅप ही जोडी एका मटेरियलमध्ये टाळलेली बरी. रेघांची दिशाही बघावी, मॉडेलच्या पहिल्या लेयरच्या रेघा इंटरफेसला समांतर गेल्या तर त्या फटीतच उतरतात, आडव्या गेल्या की बसतात. लेयर एकच असेल तर तो स्वतःच विरळ सपोर्टवर लोंबून वाकडा येतो, दोन-तीन पुरतात, पाचाच्या पुढे सहसा नुसता वेळ जातो.

चूक कुठे झाली ते निघालेल्या तुकड्यावर वाचता येतं. तळाला सुट्या तारांच्या लोंबत्या कड्या दिसल्या तर गॅप जास्त. तारा एकमेकांना धरून आहेत पण ठराविक अंतराने पन्हळ पडलेत तर गॅप ठीक, इंटरफेस विरळ. सपोर्टचं धड तुटून आलं आणि इंटरफेसची पातळ साल मॉडेललाच राहिली, तर गॅप कमी किंवा पंखा मंद. पीईटीजीमध्ये हे जास्त होतं, तिथे गॅप पीएलएपेक्षा थोडा वाढवतात आणि त्या लेयरपुरता पंखा जोरात ठेवतात.

दोन मटेरियल असतील तर हिशोबच बदलतो. पीएलए आणि पीईटीजी एकमेकांना फारसे धरत नाहीत, म्हणून पीएलएच्या मॉडेलला पीईटीजीचा इंटरफेस देऊन, किंवा उलट, गॅप 0 आणि इंटरफेस पूर्ण भरीव ठेवता येतो, तार नीट दाबली जाते आणि तळ जवळजवळ प्लेटवर छापल्यासारखा येतो. सपोर्टची लेयर हाइट इथे मॉडेलशी जुळलेलीच हवी, नाहीतर नावाला 0 असलेल्या गॅपमध्ये फट राहते. बदलताना नोझल नीट साफ झालं नाही तर मॉडेलच्या लेयरमध्ये परकं मटेरियल मिसळून तो लेयर तिथेच सुटतो, तेव्हा आधीचं मटेरियल बाहेर काढायच्या पर्जवर काटकसर नको. फिलामेंट वाचवायला फक्त इंटरफेस दुसऱ्या मटेरियलचा आणि खालचं धड मॉडेलच्याच मटेरियलचं ठेवतात.

हे सगळं सपाट तळाचं झालं. उतरत्या किंवा गोल तळाला पायऱ्या पडतात, प्रत्येक पायरीच्या बाजूने आडवं अंतरही लागू होतं, आणि Cura मध्ये Support Distance Priority वर XY ला झुकतं माप दिलं की सपोर्ट पायरीखालून मागे सरकतो आणि इंटरफेस जिथे हवा नेमका तिथेच कमी पडतो, तिथे झेडला आधी ठेवावं.