तात्कालिक कारण आणि मूळ कारण: बोट कापल्याच्या अहवालातला फरक

अपघात तपासणीच्या अहवालात ‘तात्कालिक कारण’ आणि ‘मूळ कारण’ असे दोन रकाने असतात, आणि पुष्कळदा दोन्हींत एकच मजकूर थोडा फिरवून लिहिलेला आढळतो. एक नमुन्याचा प्रसंग घेऊ. पिलर ड्रिलवर पोलादी प्लेटला भोके पाडताना ड्रिलभोवती गुंडाळलेली चिप, म्हणजे कापून निघालेली धातूची लांब धारदार पट्टी, ऑपरेटरने हाताने ओढली, तर्जनी कापली, आणि प्रथमोपचारानंतर तो पुन्हा कामावर आला. अहवालात नोंद होते: तात्कालिक कारण: चिप हाताने काढली; मूळ कारण: कामगाराचा निष्काळजीपणा; उपाय: समज दिली.

पहिली नोंद बरोबर आहे, कारण इजेच्या क्षणी जे घडले ते तिने सांगितले. दुसरी मात्र कारण सांगतच नाही, केवळ पहिलीला दूषण जोडते. पारख सोपी आहे: त्या मशिनवर उद्या दुसरा ऑपरेटर उभा केला तर हेच घडेल का? घडणार असेल, तर मूळ कारण अजून सापडलेले नाही.

इथे शोध दोन वाटांनी जातो. हात का वापरला, याचे उत्तर असे निघाले की चिप ओढण्याचा हूक मोडला होता आणि तो मशिनच्या साहित्ययादीतच नसल्याने बदलून देणे कोणाचेच काम नव्हते. चिप एवढी लांब का आली, याचे उत्तर जागेवरच पडलेले होते: जवळजवळ सगळी चिप ड्रिलच्या एकाच खाचेतून निघालेली दिसत होती, म्हणजे धार लावताना दोन कडा असमान झाल्या होत्या. धार लावून झाल्यावर ती गेजने तपासण्याची पद्धतच नव्हती. म्हणूनच साफसफाईपूर्वी चिप आणि ड्रिल बाजूला काढून ठेवावेत व फोटो घ्यावेत. झाडू फिरला की ही दुसरी वाट बंद होते.

तात्कालिक कारणावर थांबल्यास उपायही चुकतो. ‘हातमोजे घातले नव्हते’ असे लिहून हातमोजे सक्तीचे केले, तर फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकून आख्खा हात ओढला जाण्याचा धोका उभा राहतो, जो कापलेल्या बोटापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

कामगाराच्या जागी सुपरवायझरचे नाव घातल्यानेही मूळ कारण मिळत नाही. तिथे फक्त आरोपी बदलतो. शोध जिथे कारखान्याला स्वतः बदलता येईल अशा व्यवस्थेपाशी पोहोचतो तिथे थांबावा: हूक साहित्ययादीत घालणे, धार लावलेले ड्रिल गेजने तपासूनच देणे, आणि मशिन थांबवूनच चिप काढण्याची सूचना कामाच्या पत्रकात लिहिणे. प्रत्येक उपायापुढे जबाबदार पद आणि तारीख हवी, आणि महिन्याभराने कोणीतरी जाऊन हूक मशिनपाशी टांगलेला आहे का, वापराने तो घासलेला दिसतो का, हे पाहायला हवे; कोरा करकरीत हूक दिसला, तर चिप अजून हातानेच निघते आहे असे समजून तपास पुन्हा उघडावा.