वरण-भातावरचं तूप कुठे जातं?

सातवीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटतं: ‘पित्तरसातील विकर मेदाचे पचन करते.’ इतकं सराईत लिहिलेलं असतं की लाल पेन क्षणभर थबकतं. पण पित्तरसात पचनाचं एकही विकर नसतं.

वरण-भात आणि चमचाभर तुपाचा एक घास घेऊ. तोंडात लाळेतलं अमायलेज भातातल्या स्टार्चचे तुकडे पाडायला लागतं. भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो त्यामुळेच. अन्ननलिकेतून घास जठरात पोचतो. तिथल्या आम्लात अमायलेज निकामी होतं आणि वरणातली प्रथिनं पेप्सिनच्या तावडीत सापडतात. तुपाला मात्र जठरात फारसं काही होत नाही.

त्याची खरी गाठ पडते लहान आतड्याच्या सुरुवातीला. यकृतात तयार झालेला आणि पित्ताशयात साठलेला पित्तरस तिथे येतो, स्वादुपिंडाचा रसही येतो. अवयवांचा क्रम लावताना मुलं यकृत मध्येच घुसवतात, पण घास यकृतात जातच नाही. तिथून फक्त रस येतो.

पेलाभर पाण्यात थोडं तेल घाला, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाका आणि ढवळा. तवंग मोडून पाणी दुधाळ होतं. तेल पचलेलं नसतं, फक्त बारीक थेंबांत वाटलं गेलेलं असतं. पित्तरस तुपाचं हेच करतो. मग स्वादुपिंडातलं लायपेज त्या थेंबांना चहूबाजूंनी भिडतं आणि मेदाम्लं सुटी करतं. भात-वरणाचं उरलेलं पचनही लहान आतड्यातच संपतं.

आता शोषण. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. भाताचं ग्लुकोज आणि वरणाची अमिनो आम्लं त्यांतल्या रक्तकेशिकांत शिरून थेट यकृताकडे जातात. तुपाची वाट निराळी. बहुतेक मेदाम्लांपासून आतड्याच्या पेशी पुन्हा मेद बनवतात आणि तो उंचवट्याच्या मधोमध असलेल्या लसीकावाहिनीत सोडतात. तिथून तो छातीतून वर चढतो आणि डाव्या खांद्याजवळच्या शिरेत रक्ताला मिळतो. तुपकट जेवणानंतर काही तासांनी रक्त काढलं तर त्यातला द्रव दुधाळ दिसू शकतो.

पाण्याबद्दलही एक गफलत आहे. ते मुख्यतः लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याच्या वाट्याला उरलेलं येतं.

पित्तनलिकेत खडा अडकला तर तूप न पचता पुढे सरकतं, शौच फिकट आणि तेलकट होते. यावर मुलं हमखास विचारतात, ‘मग पित्ताशय काढलेल्या माणसाला तूप पचतं कसं?’ पचतं, कारण पित्तरस यकृत बनवतं, पित्ताशय नुसतं साठवतं. साठाच नसल्याने रस थोडा थोडा सतत आतड्यात झिरपत राहतो. काहींना मात्र एकदम तुपकट जेवण झालं की त्रास होतो.