लॅपटॉप घेण्यापूर्वी वॉरंटी कशी वाचावी : ऑनसाइट, कॅरी-इन आणि अपघाती नुकसान संरक्षणाची पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

लॅपटॉपच्या वॉरंटीत दोन वेगळे प्रश्न असतात, पण विक्रीच्या वेळी ते बहुधा एकच असल्यासारखे सांगितले जातात. बिघाड झाल्यास दुरुस्ती कोठे होणार, ग्राहकाच्या पत्त्यावर की सेवा केंद्रात, हा पहिला प्रश्न. ऑनसाइट आणि कॅरी-इन हे शब्द एवढ्याचेच उत्तर देतात. कोणत्या कारणाने झालेला बिघाड कंपनी विनामूल्य दुरुस्त करून देणार, हा दुसरा प्रश्न. मूळ वॉरंटी केवळ साहित्यातील आणि बनावटीतील दोषापुरती असते. लॅपटॉप पडणे, त्यावर चहा सांडणे, विजेच्या दाबातील चढउतारामुळे सर्किट जळणे ही कारणे त्यात येत नाहीत आणि त्यांच्यासाठी अपघाती नुकसान संरक्षण, म्हणजे दुकानात ज्याला एडीपी म्हणतात, ते स्वतंत्रपणे घ्यावे लागते. म्हणून वॉरंटी ऑनसाइट असली तरी ती कारणांच्या बाबतीत कॅरी-इनपेक्षा अधिक उदार असते असे समजू नये.

हा फरक एका कल्पित उदाहरणातून पाहू. आटपाडीतील एका विद्यार्थिनीसाठी तिच्या वडिलांनी १२ जून रोजी सांगलीतील एका दुकानातून ५८,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने '१ वर्ष ऑनसाइट' असे सांगितले आणि ते खरेही होते. नोव्हेंबरमध्ये कीबोर्डवर चहा सांडला व लॅपटॉप बंद पडला. तक्रार नोंदवल्यावर तंत्रज्ञ आला, त्याने मागचे झाकण उघडले, मदरबोर्डवर द्रवाचे डाग पाहिले आणि सेवा अहवालात 'ग्राहकाकडून झालेले नुकसान' असा शेरा लिहिला. या शेऱ्यानंतर तक्रार वॉरंटीबाहेर जाते आणि मदरबोर्ड व कीबोर्डचे अंदाजपत्रक ग्राहकाच्या हाती येते. तंत्रज्ञ घरी आला, म्हणजे ऑनसाइटची अट कंपनीने पाळली. नाकारली गेली ती दुसऱ्या प्रश्नाची बाजू, आणि तिची चौकशी खरेदीच्या वेळी कोणीच केलेली नव्हती.

आता ऑनसाइटची अट बारकाईने वाचू. माहितीपत्रकात पुष्कळदा 'रिमोट तपासणीनंतर ऑनसाइट सेवा' अशा आशयाचे वाक्य असते. तक्रार केल्यावर प्रथम फोनवर किंवा चॅटवर तपासणी होते. ग्राहकाला लॅपटॉप पुन्हा सुरू करणे, कंपनीची हार्डवेअर चाचणी चालवणे, त्रुटी कोड वाचून दाखवणे अशी कामे सांगितली जातात आणि सुटा भाग बदलण्याची गरज आहे असे ठरल्यावरच तंत्रज्ञाची भेट नोंदवली जाते. चार्जरसारखा सहज बदलता येणारा भाग असेल तर तो कुरिअरने पाठवून ग्राहकानेच बदलावा, अशी तरतूदही काही योजनांत असते. 'पुढील कामकाजाच्या दिवशी' ही मुदत फोन केल्यापासून नव्हे, तर ही तपासणी पूर्ण झाल्यापासून मोजली जाते. शिवाय ती प्रतिसादाची मुदत असते, दुरुस्ती पूर्ण होण्याची नव्हे. शनिवारी सायंकाळी केलेल्या फोनची तपासणी सोमवारी संपली तर भेट लवकरात लवकर मंगळवारी, आणि तीही सुटा भाग उपलब्ध असल्यास.

त्यापुढचा मुद्दा पिनकोडचा आहे आणि जिल्ह्यातील ग्राहकासाठी माझ्या मते तोच सर्वांत निर्णायक आहे. ऑनसाइट सेवा कंपनीच्या सेवाक्षेत्रातच मिळते. त्याबाहेरच्या पत्त्यासाठी भेटीला अधिक दिवस, प्रवासाचे शुल्क किंवा लॅपटॉप केंद्रात आणण्याची अट लागू होऊ शकते. सांगली शहराचा पिनकोड ४१६४१६ आहे, आटपाडीचा ४१५३०१. एकाच जिल्ह्यातील आणि एकाच बिलावरील वॉरंटी या दोन पत्त्यांवर वेगवेगळी वागू शकते. दुकानदार सांगलीतील अनुभवावरून बोलतो आणि त्यात त्याचा खोटेपणा नसतो, पण लॅपटॉप जेथे वापरला जाणार तो पिनकोड कंपनीच्या ग्राहक सेवेला चॅट किंवा ईमेलने कळवून 'या पत्त्यावर ऑनसाइट भेट मिळते का, किती दिवसांत, आणि शुल्क लागते का' याचे लेखी उत्तर खरेदीपूर्वीच घ्यावे.

कॅरी-इनमध्ये लॅपटॉप अधिकृत सेवा केंद्रात स्वतः नेऊन द्यावा लागतो आणि दुरुस्तीनंतर परत आणावा लागतो. ही वॉरंटी कमी दर्जाची मानण्याचे कारण नाही. ज्याचे रोजचे जाणे-येणे सांगलीत किंवा मिरजेत आहे आणि ज्याच्या कंपनीचे केंद्र तेथेच आहे, त्याला ती ऑनसाइटपेक्षा सोयीची पडते. मात्र केंद्राचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावरच पाहावा. दुकानाच्या पाटीवर कंपनीचे चिन्ह असणे आणि तेथे वॉरंटीची दुरुस्ती होणे या भिन्न गोष्टी आहेत. जवळचे केंद्र कोल्हापूर किंवा पुण्याला निघाले, तर कुरिअरने नेण्या-आणण्याची सोय व तिचा खर्च कोणाकडे, हेही विचारून घ्यावे.

खरेदीपूर्वी वाचायची गोष्ट म्हणजे मॉडेलचे लोकप्रिय नाव नव्हे, तर पूर्ण उत्पादन क्रमांक. एकाच नावाखाली अनेक प्रकार विकले जातात आणि त्यांच्या वॉरंट्या वेगळ्या असू शकतात. एचपीच्या माहितीपत्रकात वॉरंटी तीन अंकांत लिहिलेली आढळते : पहिला अंक सुट्या भागांची वर्षे, दुसरा मजुरीची, तिसरा ऑनसाइट सेवेची. १/१/१ म्हणजे तिन्ही एक वर्ष. १/१/० म्हणजे भाग व मजुरी एक वर्ष, परंतु ऑनसाइट सेवा नाही. त्या शेवटच्या शून्याकडे सहसा कोणी पाहत नाही. बॅटरीची ओळ स्वतंत्र वाचावी, कारण लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदा एकच वर्षाची असते आणि वापराने कमी झालेली क्षमता दोष धरली जात नाही.

अपघाती नुकसान संरक्षणाची पात्रता मूळ वॉरंटीपेक्षा कडक असते. ही योजना बहुधा लॅपटॉप नवा असताना, खरेदीपासून ठरावीक दिवसांतच घेता येते. ती मुदत कंपनीगणिक बदलते, म्हणून बिल करतानाच निर्णय घेणे सुरक्षित असते. अनेक कंपन्यांत तिची वर्षे मूळ वॉरंटीच्या वर्षांशी जुळावी लागतात, म्हणजे तीन वर्षांचे अपघाती संरक्षण हवे असल्यास मूळ वॉरंटीही तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागते आणि खर्च दोन्हींचा येतो. अपघाताने पडणे, द्रव सांडणे, विजेचा झटका यांचा समावेश सामान्यतः असतो; चोरी, हरवणे, आग, मुद्दाम केलेले नुकसान आणि केवळ दिसण्यातील ओरखडे वगळलेले असतात. वर्षातून किती घटना मान्य होतील, यावर पुष्कळ योजनांत मर्यादा असते आणि ती अनेकदा एकच असते. वरील विद्यार्थिनीकडे हे संरक्षण असते तर चहाची घटना त्या वर्षाच्या मर्यादेत बसली असती, पण त्याच वर्षी पडद्याला तडा गेला असता तर दुसऱ्या घटनेचा खर्च कदाचित तिलाच करावा लागला असता.

येथे एक सावधगिरी. दुकानातून किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून लॅपटॉपसोबत दिली जाणारी संरक्षण योजना कंपनीची असेलच असे नाही. ती त्रयस्थ संस्थेची असल्यास करार त्या संस्थेशी होतो, दावा कळवण्याची मुदत तिची असते आणि घसारा वजा करण्याची अटही असू शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे : कंपनीची योजना अनुक्रमांक टाकल्यावर कंपनीच्याच वॉरंटी पानावर स्वतंत्र ओळ म्हणून तिच्या शेवटच्या तारखेसह दिसते. ओळ दिसत नसेल, तर योजना नोंदली गेलेली नाही किंवा कंपनीची नाही.

खरेदीच्या दिवशीच ही पडताळणी करावी. अनुक्रमांक लॅपटॉपच्या तळाशी व खोक्यावर असतो. खात्रीसाठी विंडोजमधील पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञा द्यावी.

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

पडद्यावरचा, खोक्यावरचा आणि जीएसटी बिलावरचा अनुक्रमांक एकच असला पाहिजे. बिलावर तो छापलेला नसेल तर दुकानदाराकडून लिहून शिक्का घ्यावा, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर हेच बिल पुरावा ठरते. त्यानंतर कंपनीच्या पानावर वॉरंटीची शेवटची तारीख पाहावी. आपल्या उदाहरणात बिल १२ जूनचे असताना पानावर पुढील वर्षाची २ एप्रिल ही शेवटची तारीख दिसत होती. लॅपटॉप काही महिने दुकानात पडून असल्यास असे घडते, कारण कंपनीच्या नोंदीत वॉरंटी वितरकाकडे माल गेल्याच्या तारखेपासून सुरू झालेली असू शकते. अशा वेळी बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करण्याचा अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ईमेलने करता येतो. हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावे. बिघाड झाल्यावर केल्यास दुरुस्तीआधी तारखेचा वाद सुरू होतो. दुकानात रॅम किंवा एसएसडी वाढवून घेतल्यास तो भाग कंपनीच्या वॉरंटीत येत नाही, म्हणून त्याची वॉरंटी कोणाकडे आणि किती, हे त्याच बिलावर लिहून घ्यावे.

प्रत्यक्ष तक्रार नोंदवताना अनुक्रमांक, बिलाची प्रत, वापराचा पत्ता व पिनकोड, बिघाडाचे वर्णन आणि त्रुटी कोड तयार ठेवावा, आणि मिळालेला केस क्रमांक जपून ठेवावा. अपघाताच्या दाव्यात घटना कधी व कशी घडली हे सरळ सांगावे. द्रव सांडल्याचे लपवले तरी झाकण उघडल्यावर ते दिसतेच, आणि लपवलेला दावा नाकारणे कंपनीला सोपे जाते. डेटाची जबाबदारी कंपनी घेत नाही, त्यामुळे शक्य असल्यास आधी प्रत काढावी. मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज एन्क्रिप्शनची रिकव्हरी की मागू शकते, ती account.microsoft.com/devices/recoverykey येथून आधीच लिहून ठेवावी, कारण ती मिळाली नाही, तर दुरुस्त झालेल्या लॅपटॉपमधील फायलीच उघडत नाहीत. तंत्रज्ञाचा सेवा अहवाल वाचूनच सही करावी आणि शेरा मान्य नसल्यास सहीजवळ 'अमान्य' असे लिहून अहवालाचे छायाचित्र काढावे.

कंपनीने लेखी कबूल केलेली सेवा नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानेही तोडगा निघाला नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात अर्ज करता येतो. आटपाडीच्या ग्राहकाला त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही, सांगली जिल्ह्याचा आयोग चालतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत अर्ज करावा लागतो, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास अर्जाला शुल्क नाही. अर्जासोबत बिल, वॉरंटीच्या पानाची छापील प्रत, केस क्रमांक, सेवा अहवाल आणि खरेदीपूर्वी पिनकोडबाबत मिळालेले लेखी उत्तर जोडावे.